जिथे व्हर्निअर टेकेल, तिथेच माप

पॅकिंगच्या मशीनवर पट्टा वळवणारा छोटा रोलर असतो. पोलादी नळी, तिच्या दोन्ही तोंडांत एकेक बेअरिंग आणि मधून आरपार जाणारा शाफ्ट. शाफ्ट फिरत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले असतात आणि मशीनच्या दोन बाजूंच्या प्लेटमधून बोल्ट घालून तो आवळून बसवतात. फिरते ती नळी. असा शाफ्ट भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. त्याचे ड्रॉइंग एका ए-४ कागदावर मावते. तरीही त्या कागदावर कुठली मापे लिहायची आणि कुठली लिहायची नाहीत, हे नीट ठरवले नाही तर ड्रॉइंगबरहुकूम झालेला शाफ्ट मशीनवर बसत नाही, आणि चूक नक्की कोणाची यावर दोन्ही पक्ष आठवडाभर भांडत राहतात.

हाच शाफ्ट पुढ्यात घेऊन बोलू. त्याची एकूण लांबी १२० मिलिमीटर. मधला ८० मिलिमीटरचा भाग ३२ मिलिमीटर जाडीचा, आणि दोन्ही टोकांचे वीस-वीस मिलिमीटर २५ पर्यंत उतरवलेले. जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो तिथे जी उभी पायरी तयार होते, तिला वर्कशॉपमध्ये शोल्डर म्हणतात. बेअरिंग बारीक भागावर सरकवत नेऊन या शोल्डरला टेकवायचे. ते ६२०५ नंबरचे आहे, म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर. ते परत बाहेर सरकू नये म्हणून त्याच्या पुढे शाफ्टवर एक अरुंद खाच पाडायची आणि तिच्यात सर्क्लिप बसवायची. सर्क्लिप म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची, एके ठिकाणी तोंड उघडे असलेली चकती. पंचवीसच्या शाफ्टला लागणारी सर्क्लिप १.२ मिलिमीटर जाड असते, खाच १.३ मिलिमीटर रुंद आणि तिच्या तळाशी शाफ्टचा व्यास २३.९. शाफ्टबद्दल जाणून घ्यायचे ते एवढेच.

आता हे ड्रॉइंग आज बहुतेक ठिकाणी कसे तयार होते ते पाहा. डिझायनर संगणकावर शाफ्टचे मॉडेल बनवतो. बनवताना त्याला सोयीची पडतील अशी मापे तो देतो. खाच काढायची असेल तर एक आयत काढतो, आयताचा मध्य शाफ्टच्या टोकापासून किती अंतरावर ते टाकतो, आणि खाच तयार. मॉडेल पूर्ण झाले की एका बटणावर ही सगळी मापे ड्रॉइंगवर येऊन बसतात. मग रिकाम्या वाटणाऱ्या जागी आणखी चार मापे भरली जातात, कारण कमी मापांचे ड्रॉइंग अर्धवट वाटते. मॉडेल बनवताना सोयीची असलेली मापे आणि शाफ्ट बनवताना लागणारी मापे यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. माझ्या मते बिघाडाची सुरुवात इथूनच होते.

सर्वांत आधी लांब्या पाहू. तयार ड्रॉइंगवर डावीकडून उजवीकडे २०, ८०, २० अशी ओळ असते आणि तिच्याखाली एकूण १२०. बेरीज बरोबर आहे, त्यामुळे वरवर पाहता आक्षेप घेण्यासारखे काही दिसत नाही. पण कुठलेही माप हुबेहूब येत नाही. प्रत्येकाला थोडी सूट द्यावी लागते. तिला टॉलरन्स म्हणतात. ज्या मापांपुढे वेगळा टॉलरन्स लिहिलेला नसतो, त्यांच्यासाठी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बहुधा आयएसओ २७६८ या मानकाचा हवाला असतो. त्यातल्या मध्यम वर्गानुसार ६ ते ३० मिलिमीटरपर्यंतच्या मापाला ± ०.२ आणि ३० च्या पुढे १२० पर्यंत ± ०.३ इतकी सूट मिळते. आपल्या शाफ्टमध्ये मधले ८० मात्र महत्त्वाचे आहे. नळीच्या आतही दोन पायऱ्या तेवढ्याच अंतरावर आहेत आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या त्यांना टेकतात. शाफ्टवरचे अंतर आणि नळीतले अंतर जुळले नाही, तर बेअरिंगची आतली आणि बाहेरची कडी एकमेकींपासून बाजूला ओढल्या जातात. म्हणून ८० च्या पुढे ± ०.०५ असे घट्ट लिहिलेले आहे.

टर्नरने डावे टोक २०.२ केले, मध्य ८०.०५ आणि उजवे टोक पुन्हा २०.२. तिन्ही मापे परवानगीच्या आत आहेत. बेरीज येते १२०.४५. पण एकूण लांबीला कमाल १२०.३ चीच मुभा आहे. तीन मापांत पास झालेला शाफ्ट चौथ्यात नापास. टर्नर म्हणतो मी कागदाप्रमाणे केला, तपासणारा म्हणतो कागदाप्रमाणे नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात, कारण कागदानेच एका गोष्टीबद्दल दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. चार लांब्यांपैकी कुठल्याही तीन लिहिल्या की चौथी आपोआप ठरते. ती वेगळी लिहिणे म्हणजे तिच्यावर वेगळी अट लादणे. वडिलोपार्जित शेताची वाटणी करताना सगळे हिस्से मोजून देतात आणि मोजणीतला कमी-जास्तपणा बांधावर सोडतात, तसे ड्रॉइंगवरही एक माप मोकळे सोडावे लागते. उरलेल्या सगळ्यांची सूट गोळा होऊन त्या एका ठिकाणी जाते.

मग कुठले सोडायचे? याचे उत्तर ड्रॉइंगमध्ये नसते, मशीनमध्ये असते. मधले ८० सोडता येणार नाही, कारण बेअरिंग त्यावर अवलंबून आहेत. एकूण १२० सुद्धा सोडता येणार नाही, कारण शाफ्टची दोन टोके दोन प्लेटना टेकतात आणि लांबी वाढली तर प्लेट बाहेर दाबल्या जातात. उरली दोन टोके. त्यांतले एक ठेवायलाच हवे, नाहीतर जाड भाग शाफ्टवर नेमका कुठे येतो ते कळणार नाही. डावे २० ठेवू आणि उजवे काढून टाकू.

पण नुसते काढून टाकून भागत नाही. सोडलेले माप जास्तीत जास्त किती भटकू शकते, ते मोजून पाहिले पाहिजे. उजवे टोक सर्वांत लांब केव्हा होईल? एकूण लांबी कमाल आणि बाकीची दोन किमान असतील तेव्हा: १२०.३ वजा ७९.९५ वजा १९.८, म्हणजे २०.५५. सर्वांत आखूड केव्हा? ११९.७ वजा ८०.०५ वजा २०.२, म्हणजे १९.४५. याने काही बिघडते का? रोलर प्लेटपासून अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होईल. नळी आणि प्लेट यांच्यात दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर जागा आहे, त्यामुळे घासणार नाही. सर्क्लिपच्या खाचेपुढे शाफ्टचे थोडे धातू शिल्लक राहावे लागते, नाहीतर दाब आल्यावर खाचेची कड तुटते. पंचवीसच्या शाफ्टला तिथे किमान १.७ मिलिमीटर हवे. आपल्याकडे सर्वांत वाईट परिस्थितीतही तीन मिलिमीटरच्या वर राहते. म्हणजे हे माप बिनधास्त सोडता येईल. यातला एक जरी आकडा अंगाशी येत असता, तर सोडायला दुसरे माप निवडावे लागले असते किंवा १२० ची सूट कमी करावी लागली असती.

एखादे माप सोडायचे आहे, पण वाचणाऱ्याला ते दिसावे असेही वाटते, तेव्हा ते कंसात लिहितात. कंसातले माप फक्त माहितीसाठी असते. त्यावर जॉब पास-नापास होत नाही. उजवे (२०) असे लिहिले की टर्नरला बेरीज करत बसावे लागत नाही, आणि तपासणाऱ्याला त्यावर बोट ठेवता येत नाही. कंसाची ही पद्धत जगभर तीच आहे, पण ती फार जपून वापरावी. प्रत्येक लांबी कंसात लिहिलेली ड्रॉइंग मी पाहिली आहेत. त्यांत खरे माप कुठले, हेच शोधावे लागते.

इथे दुसरा एक मोह टाळायचा आहे. सगळी मापे एका टोकापासून द्यायची पद्धत दिसायला स्वच्छ असते: डाव्या कडेपासून २०, डाव्या कडेपासून १००, डाव्या कडेपासून १२०. एकही माप दोनदा आलेले नाही, बेरजेचे भांडण नाही. सीएनसीवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही ते आवडते. पण ज्या ८० ची आपल्याला एवढी काळजी आहे, ते आता कागदावर कुठेच नाही. ते १०० वजा २० असे निघते. वजाबाकीत सूट मात्र वजा होत नाही, तिची बेरीज होते. वीसला ± ०.२, शंभरला ± ०.३, म्हणजे मधल्या अंतराला ± ०.५. त्याला ± ०.०५ वर आणायचे तर दोन्ही मापांना ± ०.०२५ द्यावे लागेल. शाफ्टच्या टोकाची कड, जिला तेवढी अचूकता कधीच लागत नव्हती, ती उगाच महाग होऊन बसते. एक माप चुकीच्या जागेवरून दिले आणि दोन ठिकाणी वर्कशॉपचे काम दुप्पट अवघड झाले. त्यामुळे ज्या दोन पृष्ठभागांचे एकमेकांशी नाते आहे, त्यांच्यामध्येच थेट माप द्यावे. या शाफ्टमध्ये ती दोन शोल्डर आहेत. टर्नरही तसेच काम करतो: एक बाजू झाली की जॉब उलटा करून पहिले शोल्डर चकच्या जबड्याला टेकवतो आणि दुसरे शोल्डर त्याच्यापासून मोजून काढतो. आणि ८० मोजणेही सोपे आहे. ७५ ते १०० चा मायक्रोमीटर घ्यायचा आणि त्याच्या दोन तोंडांत दोन शोल्डर पकडायची. पायरी साडेतीन मिलिमीटर उंच आहे. कोपऱ्यातली गोलाई एक मिलिमीटर खाते, तरी टेकायला अडीच मिलिमीटर राहतात.

आता खाचेकडे वळू, कारण या शाफ्टमधली सर्वांत बोलकी जागा तीच आहे.

मॉडेलमधून आलेले माप सांगते की खाचेचा मध्य टोकापासून ४.४५ मिलिमीटरवर आहे. मॉडेल बनवणाऱ्याला हे स्वाभाविक वाटले. लेथवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र खाचेला मध्य दिसत नाही. तिथे हवा आहे. त्याच्या हातातल्या व्हर्निअरला टेकायला धातू लागतो आणि धातू फक्त खाचेच्या दोन भिंतींना आहे. मध्य तपासायचा तर टोकापासून जवळची भिंत मोजा, मग दूरची भिंत मोजा, दोन्हींची बेरीज करून निम्मे करा. दोन मोजण्या, दोन्हींतली चूक, वर आकडेमोड. एखादा जुना टर्नर ड्रॉइंग परत पाठवून सरळ विचारतो, “साहेब, मध्य पकडायचा कुठे?” बाकीचे विचारत नाहीत, अंदाजाने करतात.

मध्य काढून टाकला आणि टोकापासून खाचेच्या भिंतीपर्यंत ३.८ दिले, तर मोजता येईल. पण तेवढ्यानेही काम होत नाही. बेअरिंगला शाफ्टच्या टोकाशी काही देणेघेणे नाही. बेअरिंग शोल्डरला टेकते, सर्क्लिप बेअरिंगला टेकते आणि सर्क्लिपची दुसरी बाजू खाचेच्या बाहेरच्या भिंतीला टेकते. म्हणून ज्याने काम होते ते अंतर एकच: शोल्डरपासून खाचेच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत. बेअरिंग १५ आणि सर्क्लिप १.२ मिळून १६.२. याहून एक दशांश जरी कमी झाले तरी सर्क्लिप खाचेत उतरत नाही. फार जास्त झाले तर बेअरिंग पुढे-मागे खेळते. म्हणून १६.२ ला वर ०.१ ची सूट आणि खाली शून्य.

हेच अंतर टोकाकडून दिलेल्या दोन मापांतून काढले असते तर काय झाले असते? वीसला ± ०.२ आणि ३.८ ला त्याच मानकानुसार ± ०.१. वजाबाकी १६.२, पण सूट ± ०.३. म्हणजे १५.९ पासून १६.५ पर्यंत काहीही. १५.९ ला सर्क्लिप बसणारच नाही. फिटर ती ठोकून बघतो, तिला पीळ पडतो, आणि मग शोल्डरच थोडे खाली घेऊ का असे विचारतो. १६.५ ला सर्क्लिप बसते, पण बेअरिंगला किमान ०.३ मिलिमीटर खेळ राहतो. बेअरिंगची रुंदी ०.१२ पर्यंत कमी असू शकते आणि सर्क्लिपची जाडी ०.०६ पर्यंत. ते धरले तर खेळ जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो. रोलर फिरताना टक-टक करतो आणि खाचेची कड घासत जाते. आणि हे दोन्ही शाफ्ट ड्रॉइंगप्रमाणे शंभर टक्के बरोबर असतात. तपासणीत पकडले जाणार नाहीत, जुळवणीच्या टेबलावर पकडले जातील.

खाचेची आतली भिंत, म्हणजे बेअरिंगच्या बाजूची, कुठे आहे याला महत्त्व नाही. बाहेरच्या भिंतीपासून १.३ रुंदीने ती १४.९ वर येते, म्हणजे बेअरिंगच्या कडेखाली एक दशांश जाते, आणि तसेच हवे. तिचे माप द्यायचे नाही. १.३ रुंदी द्यायची, तीही वरच्या बाजूला सूट ठेवून. टर्नरच्या टूलची रुंदी १.३५ निघाली तरी ती वाढ आतल्या भिंतीत जाते आणि कोणाचे नुकसान होत नाही.

पण १६.२ मोजायचे कसे? सोडून दिलेल्या मापांपेक्षा निवडलेल्या मापाला हा प्रश्न जास्त विचारावा लागतो. शोल्डर आणि खाचेची बाहेरची भिंत समोरासमोर आहेत, तेव्हा व्हर्निअरच्या वरच्या, आतून मोजणाऱ्या जबड्यांनी ते घ्यायला हवे. मात्र खाच फक्त ०.५५ मिलिमीटर खोल आहे. जबड्याचे टोक तेवढ्याशा कडेवर थरथरते, घसरते. तीन जणांनी मोजले तर तीन आकडे येतात. म्हणजे माप कामाचे, पण सरळ उपकरणाने भरवशाने मिळत नाही. अशा वेळी माप बदलायचे नसते, मोजण्याची सोय करून द्यायची असते. २५ मिलिमीटर भोकाचा आणि नेमका १५.०० मिलिमीटर जाडीचा ग्राइंड केलेला बुश बनवायचा. तो बेअरिंगच्या जागी सरकवून शोल्डरला टेकवायचा. बुशची कड आणि खाचेची बाहेरची भिंत यांच्यात १.२० ची पट्टी जायला हवी आणि १.३० पेक्षा किंचित जाड पट्टी जाता कामा नये. दोन पट्ट्या आणि एक बुश, एवढ्यात दिवसभराचे शाफ्ट तपासून होतात. कोणाला आकडा वाचावा लागत नाही. बुशच्या भोकाची कड थोडी मारून घ्यायची, नाहीतर शोल्डरच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर तो चढून बसतो आणि सगळे शाफ्ट नापास दिसतात.

त्या गोलाईचेही एक माप असते. ६२०५ बेअरिंगच्या आतल्या कडेला किमान एक मिलिमीटरची गोलाई असते, म्हणून शाफ्टच्या कोपऱ्यातली गोलाई त्याहून मोठी चालत नाही. अशा ठिकाणी नुसते ‘त्रिज्या १’ लिहिले की टर्नर एकच्या थोडे वर-खाली करणार, आणि वर गेले की बेअरिंग शोल्डरला टेकण्याआधी कोपऱ्यावर अडकणार. ‘त्रिज्या कमाल १’ असे लिहावे. रेडियस गेजचे पान लावून कोपरा एकपेक्षा मोठा नाही एवढेच पाहता येते, आणि पाहायचेही तेवढेच आहे.

बेअरिंग जिथे बसते तो २५ चा व्यास हा वेगळा मामला आहे. शाफ्ट स्थिर आणि नळी फिरती, म्हणून बेअरिंग शाफ्टवर हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही असे हवे. त्यासाठी एच६ ही बसण, म्हणजे व्यास २५.००० ते २४.९८७. वर शून्य, खाली तेरा मायक्रॉन. या पट्ट्यात नेहमीच्या व्हर्निअरला कामच नाही, कारण त्याची सर्वांत छोटी रेघ ०.०२ ची, म्हणजे आपल्या संपूर्ण सुटीपेक्षा मोठी. साध्या मायक्रोमीटरची रेघ ०.०१ ची, तेरा मायक्रॉनच्या पट्ट्यात एक रेघ आणि थोडे. मोजणाऱ्या साधनाची रेघ सुटीच्या दहाव्या भागाइतकी असावी असा वर्कशॉपचा जुना हिशेब आहे. त्या हिशेबाने इथे एक मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर किंवा गो-नोगो स्नॅप गेज लागते.

मग हे माप ‘वर्कशॉपला मोजता येत नाही’ म्हणून सैल करायचे का? नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि तो अनेकदा विसरला जातो. खाचेचा मध्य हे मोजता न येणारे माप होते, कारण ते चुकीच्या जागेवर धरले होते. तिथे माप बदलायचे. बेअरिंगच्या जागेचे माप योग्य जागी आहे आणि बेअरिंगला तेच लागते. इथे साधन किंवा वर्कशॉप बदलायचे: २५.२ पर्यंत लेथवर उतरवून बाहेरून सिलिंड्रिकल ग्राइंडिंग करून घ्यायचे, किंवा स्नॅप गेज जॉबसोबत पाठवायचे. ड्रॉइंगवर मात्र ‘२५ एच६’ हे चिन्ह आणि त्याखाली २५.०००/२४.९८७ हे आकडे दोन्ही लिहिलेले बरे. एच६ ची तक्ता-पुस्तिका लेथशेजारी टांगलेली असेलच याची खात्री नसते. आणि हा व्यास दोन्ही टोकांना सारखाच आहे म्हणून दोनदा लिहायची गरज नाही. एकदा लिहून पुढे ‘२ ठिकाणी’ लिहावे.

या तेरा मायक्रॉनबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोजमापाचे जगभरचे ठरलेले तापमान २० अंश आहे. पोलादाचा २५ मिलिमीटरचा व्यास दर दहा अंशांना सुमारे तीन मायक्रॉन वाढतो. टर्निंग संपल्या संपल्या जॉब मायक्रोमीटरपेक्षा तीस अंशांनी गरम असेल, तर तो जवळजवळ नऊ मायक्रॉन मोठा दिसेल. टर्नरला तो वर आहे असे वाटून तो आणखी कमी करेल आणि थंड झाल्यावर शाफ्ट खालच्या मर्यादेच्याही खाली जाईल. ज्या मापात नऊ मायक्रॉनने फरक पडतो, तिथे जॉब गार होऊ द्यावा लागतो. ज्यात पडत नाही, तिथे हा वेळ घालवण्याचे कारण नाही. म्हणूनच घट्ट टॉलरन्स गरज असेल तिथेच लिहायचा. मधला ३२ चा व्यास, उदाहरणार्थ. त्यावर काहीच बसत नाही. फक्त त्याच्या कडेला बेअरिंगची आतली कडी टेकते, आणि ३२ च्या जागी ३१.८ झाले तरी ती टेकेल. तिथे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली सर्वसाधारण सूट पुरते. हा व्यास एच६ मध्ये लिहिलेली ड्रॉइंगसुद्धा मी पाहिली आहेत. ते करायला लागणारा वेळ कोणाच्याही उपयोगाचा नव्हता.

टोकांच्या आट्यांबद्दल थोडक्यात. एम१० चा आटा २० मिलिमीटर खोल. इथे दोन खोली असतात: ड्रिलची आणि आट्याची. ड्रिलचे टोक शंकूसारखे असते. साडेआठच्या ड्रिलचा तो शंकू अडीच मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त उंच असतो. म्हणून ड्रिलची खोली म्हणजे पूर्ण व्यास जिथपर्यंत आहे तिथपर्यंत, शंकूच्या टोकापर्यंत नाही. शंकूच्या टोकापर्यंतची खोली लिहिली तर डेप्थ व्हर्निअरच्या रुंद पट्टीला ती नीट मिळत नाही. आट्याची खोली थ्रेड प्लग गेज आत फिरवून, ते किती वेढे जाते यावरून तपासतात, १.५ च्या पिचला वीस मिलिमीटर म्हणजे तेरा वेढ्यांच्या आसपास. तीही ‘किमान २०’ अशी लिहावी, कारण आटा थोडा जास्त खोल गेल्याने काहीच बिघडत नाही.

एकच माप दोन दृश्यांत लिहिणे ही पुनरुक्ती वरवर निरुपद्रवी वाटते. शाफ्टच्या बाजूच्या दृश्यात १६.२ आणि खाचेच्या मोठ्या करून दाखवलेल्या तुकड्यातही १६.२. पहिल्या दिवशी दोन्ही जुळतात. सहा महिन्यांनी खरेदी विभागाने दुसऱ्या जाडीचे बेअरिंग घेतले, माप बदलायचे ठरले, आणि बदलणाऱ्याने मोठ्या तुकड्यातले बदलले. मॉडेलशी जोडलेले माप असेल तर दोन्हीकडे बदलते हे खरे. पण ऑटोकॅडमध्ये कोणी मापाच्या आकड्यावर हाताने दुसरा आकडा टाइप केला असेल, तर मॉडेल बदलले तरी तो तसाच राहतो. आता कागदावर दोन वेगवेगळे आकडे आहेत आणि कुठला नवा हे कागद सांगत नाही. एक माप एकाच ठिकाणी, आणि ते जिथे सर्वांत स्पष्ट दिसते त्या दृश्यात, हा नियम भारतीय मानक ब्युरोच्या शाळा-महाविद्यालयांसाठीच्या एसपी ४६ या पुस्तिकेत आहे. तो शिकवलाही जातो. तो मोडला जातो ते बहुधा घाईत, ‘कोणाला शोधावे लागू नये’ या सद्‌भावनेपोटी.

जास्तीच्या मापांचा एक खर्च तपासणीच्या कागदावर दिसतो. मोठ्या कंपनीला माल द्यायचा तर पहिल्या नगाच्या ड्रॉइंगवरच्या प्रत्येक आकड्याभोवती नंबर घातलेले वर्तुळ काढतात आणि प्रत्येक नंबरपुढे मोजलेला आकडा लिहितात. मॉडेलमधून ओढलेल्या ड्रॉइंगवर या छोट्याशा शाफ्टला पस्तीस-चाळीस वर्तुळे सहज होतात. त्यांतली निम्मी कोणालाच नको असलेली असतात, काही एकमेकांशी भांडणारी आणि दोन-तीन मोजताच न येणारी. ज्याला मोजता येत नाही तो तिथे रकाना रिकामा सोडत नाही. ड्रॉइंगवरचाच आकडा लिहून टाकतो. त्याच तक्त्यात खाली १६.२ ही असते, आणि मग तिच्यापुढचा आकडा मोजलेला आहे की लिहिलेला, हे कोणाला सांगता येत नाही.

म्हणून ड्रॉइंग बाहेर पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक मापावर बोट ठेवून तीन गोष्टी पाहतो. याने मशीनमध्ये काय बसते किंवा काय टेकते? हे आणखी कुठल्या दोन मापांतून आधीच निघते का? आणि तपासणारा कुठले साधन कुठल्या दोन पृष्ठभागांवर ठेवणार आहे? तिसऱ्याचे उत्तर मला देता आले नाही, तर कागद घेऊन लेथवर जातो आणि टर्नरला विचारतो, “काका, हे तुम्ही कशाने बघाल?” त्याने उत्तर दिले की सगळे प्रश्न सुटतात असे नाही, खाचेचा बुश अशाच एका विचारण्यातून आला, पण तो नेमका किती जाडीचा आणि त्याची कड का मारायची, हे बेअरिंगची माहिती पाहूनच ठरवावे लागले. या शाफ्टच्या ड्रॉइंगवर शेवटी लांबीच्या दिशेने पाचच आकडे उरतात: डावे २०, मधले ८० ± ०.०५, एकूण १२०, खाचेपर्यंतचे १६.२ आणि खाचेची रुंदी १.३. शेवटच्या दोघांपुढे ‘२ ठिकाणी’. उजवे (२०) कंसात. आणि खाचेशेजारी एक ओळ: १५.०० चा बुश वापरून तपासावे.